बस नेमकी कुठे थांबायची?

एसटीच्या आगारात थांब्याच्या मागणीचे अर्ज बहुतेक एकाच साच्यातले येतात. ‘आमच्या फाट्यावर बस थांबत नाही, विद्यार्थी व वृद्धांची गैरसोय होते, तरी थांबा मिळावा ही नम्र विनंती.’ खाली सरपंचांचा शिक्का. गैरसोय खरी असते, पण फाटा म्हणजे रस्त्यावरची कोणती जागा, हे त्यात कुठेच नसतं. फाट्याच्या तोंडापासून मोरीपर्यंतच्या दोन-अडीचशे मीटरच्या पट्ट्याला गावकरी फाटाच म्हणतात. चालकाला मात्र एका ठरावीक जागी ब्रेक दाबायचा असतो.

पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीचा असा अर्ज लिहायला मी बसलो, तेव्हा सोबत तात्या होते. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. ग्रामसभेचा ठराव हातात होता आणि त्यात थांबा ‘फाट्यावरील हॉटेलसमोर’ मागितला होता. ठरावाला सूचक हॉटेलवालेच, त्यामुळे जागेची निवड समजण्यासारखी होती. तात्या म्हणाले, “अर्ज नंतर लिहू, आधी रस्त्यावर चला.”

रस्त्यावर गेल्यावर अडचण लगेच दिसली. सासवडच्या बाजूने येणारी गाडी वळणातून बाहेर पडते आणि वळण संपल्यावर जेमतेम पन्नास मीटरवर फाट्याचं तोंड आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या गाडीला अडथळा दिसल्यापासून सुरक्षित थांबायला १२० मीटर तरी मोकळी नजर हवी, असं रस्ते बांधणाऱ्यांचं मानक सांगतं. हॉटेलसमोर बस उभी राहिली, तर मागून येणाऱ्या ट्रकला ती पन्नास मीटरवरून दिसणार. शिवाय गावाकडून येणारी मोटारसायकल बसच्या आडून थेट हमरस्त्यावर निघणार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: थांबा वळणावर किंवा पुलाला लागून नको, मोठ्या चौकापासून ३०० मीटर दूर हवा, आणि गावरस्त्याच्या किरकोळ फाट्याला सवलत म्हणून ६० मीटर चालतील. तात्यांनी त्या सूचना वाचलेल्या नव्हत्या, पण ते फाट्यावरून जेजुरीच्या दिशेने चालू लागले आणि साधारण ऐंशी मीटरवर उभे राहिले. “सासवडला जाणारी इथं, पलीकडच्या कडेला. आणि जेजुरीकडची आणखी पुढं.”

एका थांब्याला जागा दोन लागतात, हे अर्जात बहुधा राहून जातं. जायची बस एका कडेला, यायची दुसऱ्या. दोन्ही समोरासमोर आल्या तर रस्ताच बंद होतो, म्हणून त्या मागेपुढे ठेवायच्या. त्यातही अशा, की दोन्ही गाड्या उभ्या असताना त्यांच्या पाठी एकमेकींकडे असाव्यात. उतरलेला माणूस बसच्या मागून रस्ता ओलांडतो, तेव्हा बसमागून येणारं वाहन त्याला दिसतं. बसच्या नाकापुढून ओलांडणाऱ्याला ओव्हरटेक करणारी गाडी दिसत नाही, आणि त्या गाडीलाही तो दिसत नाही. म्हणून जेजुरीकडची जागा फाट्यापासून १४० मीटरवर ठरली. एका आजींनी “एवढं लांब चालायचं तर थांबा कशाला?” असं विचारलं. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मात्र आत्ताचा जवळचा थांबा दीड किलोमीटरवर आहे.

मग मोबाईल काढला. नकाशात निळा ठिपका दिसला की आकडे टिपून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं असेल, तर फोनलाच आपली जागा नीट माहीत नसते. झाडाखाली तसं हमखास होतं. उघड्या आभाळाखाली मिनिटभर थांबलं की वर्तुळ आक्रसतं आणि चूक चार-पाच मीटरवर येते. मोजमाप डांबराच्या बाहेर, साइडपट्टीवर उभं राहून घेतलं, जिथे बसचा दरवाजा उघडेल तिथे.

नकाशा दशांश चिन्हापुढे सहा-सात आकडे दाखवतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून पाचवा आकडा मीटरभराचा आणि सातवा सेंटिमीटरभराचा. फोनची चूकच चार मीटरची असताना सेंटिमीटर लिहिण्यात अर्थ नाही. तीनच आकडे लिहिले, तर मात्र थांबा शंभर मीटर इकडेतिकडे होतो, म्हणजे पुन्हा वळणावर. पाच पुरतात.

ते अर्जात असे उतरले:

“जेजुरीकडे जाणाऱ्या बससाठी: अक्षांश 18.31585 उत्तर, रेखांश 74.09093 पूर्व. फाट्यापासून जेजुरीच्या दिशेने १४० मीटर, डावी कड.
सासवडकडे जाणाऱ्या बससाठी: अक्षांश 18.31603 उत्तर, रेखांश 74.09039 पूर्व. फाट्याच्या अलीकडे ८० मीटर, डावी कड.”

आकडे मुद्दाम इंग्रजी लिपीत ठेवले. हाताने लिहिलेला देवनागरी एक आणि नऊ पुष्कळदा सारखेच दिसतात, आणि नकाशात टाकायचे तर इंग्रजीच लागतात. ‘अक्षांश’, ‘रेखांश’ हे शब्दही गाळले नाहीत, कारण जोडी उलटी टाकली तर नकाशा तक्रार करत नाही. थांबा मुकाट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेच्या समुद्रात नेऊन ठेवतो. अंश-मिनिटांचा घोळ याहून फसवा. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे 18.5, कुणी ते 18.30 असं लिहिलं की जागा बावीस किलोमीटर सरकते, आणि तरी महाराष्ट्रातच राहते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. शेवटी कागदावरचे आकडे सरपंचबाईंच्या फोनमध्ये टाकून पाहिले. दोन खुणा रस्त्याच्या दोन कडांना, एकमेकींपासून साठेक मीटरवर उमटल्या.

आकड्यांच्या जोडीला शब्द तितकेच लागतात. जागा पाहायला येणारा वाहतूक निरीक्षक फोन बघेल, पण चालकाला सांगताना तो ‘फाटा सोडून विजेच्या दुसऱ्या खांबाशी’ असंच सांगेल. म्हणून खांबही अर्जात आला.

उरलेल्या मजकुरात तात्यांनी दोन गोष्टी बदलल्या. ‘सर्व गाड्या थांबाव्यात’ हे वाक्य त्यांनी काढून टाकलं. लांब पल्ल्याची गाडी वाडीसाठी थांबवा म्हटलं की सगळा अर्ज बाजूला पडतो. साध्या गाड्यांसाठी विनंती थांबा मागायचा, म्हणजे माणूस असेल तरच गाडी थांबेल. दुसरी गोष्ट भाड्याची. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने चालतं आणि मधे उतरणाऱ्याकडून पुढच्या टप्प्यापर्यंतचं घेतलं जातं. ‘गावकऱ्यांना पुढील टप्प्याचे भाडे मान्य आहे’ एवढं एक वाक्य त्यांनी घातलं. “वाहकाशी रोज रुपया-दोन रुपयांवरून भांडण नको,” ते म्हणाले. सकाळच्या शाळेच्या वेळी किती पोरं आणि बाजारच्या दिवशी किती माणसं, हे तक्त्यात जोडलं.

अर्ज आगारात दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. निरीक्षक आले, ते आधी हॉटेलसमोरच उतरले, मग फोनकडे बघत पुढे चालत गेले. जागा त्यांना पटली, पण ‘बस थांबा’ असा फलक रोवायचा तर रस्ता आमचा नाही, बांधकाम खात्याची परवानगी वेगळी काढा, म्हणाले. आता तो अर्ज लिहायचा आहे. त्यातही याच दोन ओळी जातील, फक्त फलक साइडपट्टीच्या बाहेर हवा, म्हणून खांबाची जागा डांबराच्या कडेपासून किती फुटांवर, ते टेपने मोजून लिहावं लागेल. तेवढं अंतर सांगणं मोबाईलच्या आवाक्यातलं नाही.