रोजा पहाटेपासून का, आणि सूट कोणाला?

जालन्याच्या स्टँडवर एका मित्राने विचारलं, "रोजा सूर्योदयापासून असतो ना?"

नाही. कुराणात खूण दिली आहे पहाटेची: क्षितिजावर उजेडाची पांढरी रेघ रात्रीच्या काळ्या रेघेपासून वेगळी दिसेपर्यंत खा-प्या, मग रात्र सुरू होईपर्यंत रोजा. म्हणून सहरी सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधीच संपते आणि इफ्तार सूर्यास्ताला होतो.

आजारी माणूस आणि प्रवासी यांना त्याच ठिकाणी सूट आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे, त्याला 'कजा' म्हणतात.

प्रवास केवढा? आपल्याकडे बहुतेकजण हनफी मताचे. त्यात साधारण ७८ किलोमीटरची मर्यादा मानतात. म्हणजे जालना ते छत्रपती संभाजीनगर, सुमारे ६० किलोमीटर, यात सूट नाही. मुंबईला निघालात तर आहे. मात्र पहाट उलटल्यावर घर सोडलं, तर त्या दिवसाचा रोजा पाळायचा.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या वा बाळाच्या जिवाची काळजी असेल, तर तिलाही कजाची मुभा आहे. वार्धक्यामुळे किंवा बरा न होणाऱ्या आजारामुळे कधीच जमणार नसेल, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालायचं. हा 'फिदिया'.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रमजानआधीच डॉक्टरांशी बोला.