पद नव्हे, प्रश्न लिहा

सेवाग्राम-वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणात वाढलेल्या अशोक आणि अभय बंग या भावांनी शाळकरी वयातच आयुष्याची वाटणी करून टाकली होती. थोरल्याने खेड्यातली शेती सुधारायची, धाकट्याने खेड्यातलं आरोग्य. मोठेपणी दोघेही त्या वाटणीला जागले. करिअर व्हिजन स्टेटमेंट म्हणून आज कार्यशाळांमधून जे लिहून घेतलं जातं, ते इतक्या थोडक्यात क्वचितच लिहिलेलं दिसतं.

या वाटणीत पद नाही, पगार नाही, संस्थेचं नाव नाही. आहे तो फक्त प्रश्न आणि तो कोणाचा, एवढंच. म्हणूनच पुढे साधनं बदलत गेली तरी ती मोडली नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत दवाखान्याचं आणि शेतमजुरांचं काम केलं. मग सार्वजनिक आरोग्य शिकायला ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले. परतल्यावर मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेची वाट त्यांनी धरली नाही. सोयी असतात तिथे नव्हे, तर प्रश्न असतात तिथे संशोधन व्हावं, हा त्यांचा निकष होता. त्या निकषाने 1986 मध्ये त्यांना गडचिरोलीत आणलं आणि तिथे ‘सर्च’ उभी राहिली. नवजात बाळांवर घरीच उपचार करायला गावातल्या बायकांना शिकवण्याचा त्यांचा प्रयोग 39 गावांत झाला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला होता. डॉक्टर, संशोधक, प्रशिक्षक अशा भूमिका बदलल्या, प्रश्न तोच राहिला.

सगळ्यांना गडचिरोलीला जायचं नसतं, हे उघड आहे. पण निवेदनाची ही घडण साध्या नोकरदारालाही उपयोगी पडते.

समजा, पाणीपुरवठ्यात काम करणारी 28 वर्षांची एक स्थापत्य अभियंता आहे. तिचा पहिला मसुदा बहुधा असा निघेल: ‘चाळिशीपर्यंत मुख्य अभियंता व्हायचं.’ हे उद्दिष्ट झालं. बढती सेवाज्येष्ठतेवर अडली तर ते कोसळतं, आणि मिळाली तर एकेचाळिसाव्या वर्षी काय करायचं ते सांगत नाही. दुसऱ्या मसुद्यात ती आजवर कोणत्या कामात रमली ते आठवते. नवी टाकी बांधण्यापेक्षा बंद पडलेली योजना चालू करण्यात तिला रस होता. गावची नळयोजना अनेकदा बांधकामामुळे नव्हे, तर पंपाचं वीजबिल थकल्याने, पाणीपट्टी वसूल न झाल्याने आणि दुरुस्तीला माणूस नसल्याने बंद पडते, हे तिने पाहिलेलं असतं. मग मजकूर असा होतो: ‘लहान गावांच्या पाणी योजना बांधल्यानंतर वीस वर्षं चालत्या राहाव्यात, यासाठी मी काम करेन. सरकारी, खासगी की स्वतःचं, हे प्रसंगानुसार. घराचा हप्ता आणि आईवडिलांची औषधं निघतील त्याहून कमी उत्पन्नावर नाही.’

शेवटचं वाक्य बरेच जण संकोचाने गाळतात. तिथेच असे कागद पहिल्या आर्थिक अडचणीत निकामी होतात.

आता तपासणी. आधी मागचे तीन निर्णय या मजकुरापुढे ठेवायचे. तो तिन्ही योग्य ठरवत असेल, तर तो फार सैल आहे, किंवा झालेल्या गोष्टींचं समर्थन करायला लिहिला आहे. मग समोरच्या संधी. पुण्यातल्या बांधकाम कंपनीचा दुप्पट पगार: नकार. आखाती देशात पाण्याच्या जाळ्याच्या देखभालीचं तीन वर्षांचं काम: कदाचित होकार, कारण देखभालीचं कसब तिथे शिकता येईल. जो मजकूर एकाही आकर्षक संधीला नाही म्हणत नाही, तो भिंतीवर लावण्यापुरताच.

आवडीनिवडींवर मात्र फार भिस्त ठेवू नये. क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये 19 हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास मांडला. मागच्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, हे सगळ्या वयांचे लोक मान्य करत होते. पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यामुळे ‘मला प्रवास आवडतो’ असलं वाक्य वीस वर्षांचा भार पेलत नाही.

म्हणून दर तीन-चार वर्षांनी फेरलेखन हवं, आणि ते जुन्या मजकुरावर खाडाखोड करून नव्हे. जुनी प्रत तारखेसह ठेवायची, नवी तिच्याशेजारी. साधनाचं वाक्य बदललं तर काळजी नसावी. प्रश्नाचं वाक्य दर खेपेला बदलत असेल, तर ते त्या त्या वर्षीच्या साहेबावरच्या रागातून लिहिलं गेलं का, ते पाहावं.

काही गाठी कागदाने सुटत नाहीत. आपल्या या अभियंतेला पंचेचाळिसाव्या वर्षी मंत्रालयात धोरण आखण्याचं काम देऊ केलं, तर त्यातून शेकडो गावांचे नळ चालू राहतील, की ती फाइलींतच अडकेल? मजकूर दोन्हीकडे वळवता येतो. तिथे तिला त्या खुर्चीत आधी बसून गेलेल्या दोघा-तिघांना भेटून, प्रत्यक्षात किती निर्णय त्यांच्या हातात होते, तेच विचारावं लागेल.