टेस्टच्या मेलमधल्या दोन वेळा

‘तुमची पहिल्या फेरीसाठी निवड झाली आहे. सोबतच्या लिंकवरून रविवारी रात्री ११.५९ पर्यंत टेस्ट द्या. वेळ ९० मिनिटं.’ कंपनीच्या एचआर विभागाकडून असा मेल आला की उमेदवार आनंदाने थेट लिंककडे वळतो. पण या मेलमध्ये दोन वेगवेगळ्या वेळा असतात आणि बरीच गडबड त्यांच्यामुळेच होते.

रविवार रात्र ही लिंकची मुदत. ९० मिनिटं ही प्रत्यक्ष टेस्टची वेळ, आणि ती ‘Start’ दाबल्यावरच सुरू होते. मग कोणी रविवारी रात्री पावणेअकराला बसलं तर? मुदत संपायला ७४ मिनिटं उरलेली असतात. काही ठिकाणी मुदतीआधी सुरू केलेल्या टेस्टला पूर्ण वेळ मिळतो, तर काही ठिकाणी ११.५९ ला टेस्ट आपोआप जमा होते. कंपनीने काय ठरवलंय ते मेलमध्ये नसेल, तर आधीच विचारून घ्यावं. सिंगापूरच्या कंपनीचा मेल असेल तर आणखी जपावं लागतं: तिथले रात्रीचे ११.५९ म्हणजे आपले ९.२९.

एकदा सुरू झालेलं घड्याळ सहसा थांबवता येत नाही, कारण ते उमेदवाराच्या लॅपटॉपवर नसून कंपनीने निवडलेल्या सेवेच्या सर्व्हरवर चालतं. हॅकररँकवर ब्राउझर बंद पडला तरी वेळ पुढे सरकत राहते. त्याच लिंकवरून परत गेलं की उरलेल्या वेळेत काम चालू करता येतं. वीज गेली तर मोबाइलचा हॉटस्पॉट लगेच लावता यावा, एवढी तयारी हवीच.

नियमांमध्ये सगळ्यात जास्त त्रास देणारा नियम म्हणजे दुसरी टॅब उघडू नये. टेस्टची खिडकी सोडल्याची नोंद होते, मग उत्तर शोधायला गेलात की मधेच आलेल्या व्हॉट्सअॅप कॉलवर क्लिक झालं, हे यंत्राला कळत नाही. म्हणून बाकीची ॲप्स आधीच बंद करावीत. कॅमेरा सुरू ठेवायचा असेल तर त्याची परवानगी आदल्या दिवशी सराव टेस्टमध्ये देऊन पाहावी.

मेलच्या तळाशी मदतीसाठी एक पत्ता असतो. बहुतेक वेळा तो टेस्ट चालवणाऱ्या सेवेचा असतो. पान उघडत नाही, कॅमेरा दिसत नाही, अशा अडचणी तिथे सुटतात. मुदत वाढवणं किंवा पुन्हा संधी देणं मात्र कंपनीच्या हातात असतं, त्यामुळे एचआरलाही लिहायलाच हवं. ‘टेस्ट चालली नाही’ एवढ्याने काम भागत नाही. टेस्टचं नाव, अर्जातला ईमेल, अडचण आली ती नेमकी वेळ आणि स्क्रीनशॉट द्यावा, ‘७.४२ ला नेट गेलं, ७.५५ ला परत आलो’ असं लिहिलं तर त्यांना सर्व्हरवरची नोंद ताडून पाहता येते. हे त्याच दिवशी कळवावं. आणि रविवारी रात्री उत्तर द्यायला कोणी बसलेलं असेलच असं नाही, म्हणून टेस्ट कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत द्यावी.