"सर, इथे गाडी लावू का?" – पाटीचा फोटो आला की उत्तर कसं द्यायचं

धंद्यात तुमची गाडी दुसऱ्याच्या दारात जातेच. माल पोचवायला, स्टॉल लावायला, ऑर्डर उचलायला. मग ड्रायव्हर किंवा डिलिव्हरीचा मुलगा पाटीचा फोटो पाठवतो आणि विचारतो, "इथे लावू का?" आपण काउंटरवर गिऱ्हाईक बघत असतो. फोटोवर एक नजर टाकतो आणि "लाव लाव" म्हणतो.

मीसुद्धा एकदा असंच म्हटलं होतं. फोटोत निळा 'पी' दिसला, मी हो म्हणालो. त्याच खांबावर खाली वेळेची छोटी पट्टी होती, ती फोटोत आलीच नव्हती. गाडी उचलली गेली. दंड आणि टोइंगचे पैसे गेलेच, पण गाडीतला माल गिऱ्हाइकाला तीन तास उशिरा पोचला. ती ऑर्डर परत कधी आली नाही. चूक माझी होती, कारण मी अर्धाच फोटो वाचून पूर्ण उत्तर दिलं.

मागे आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोटो आला. त्या केटरिंग करतात. पुण्यात पेठेतल्या एका कार्यालयात त्यांची दुसऱ्या दिवशी सकाळच्या नाश्त्याची ऑर्डर होती. भांडी, शेगड्या आणि कोरडा माल आदल्या संध्याकाळीच छोट्या टेम्पोतून आणला होता. टेम्पो रात्रभर कार्यालयासमोर ठेवायचा होता. तारीख ३१, वेळ संध्याकाळी सव्वासहा. "सर, इथे रात्रभर चालेल का?"

फोटोत एकाच खांबावर दोन पाट्या होत्या. वर निळी पाटी: "पी-१, विषम तारखेस". खाली नो पार्किंगचं गोल चिन्ह आणि त्याखाली पट्टी: "८ ते ११, ५ ते ९". सकाळ की रात्र, काही लिहिलेलं नाही. त्या बाजूचा रंग उडाला होता.

आता आपण ही पाटी सोबत वाचू.

आधी चिन्ह बघा. लाल कडेचं निळं गोल आणि त्यावर एकच तिरपी लाल रेघ असेल तर ते नो पार्किंग. दोन रेघांची फुली असेल तर गाडी थांबवायलाच मनाई. धंद्यासाठी हा फरक मोठा आहे. नो पार्किंगला ड्रायव्हर सीटवर बसलेला आहे आणि माल पटकन उतरवून गाडी निघते आहे, एवढं सहसा चालतं. फुलीला तेही नाही. ताईंच्या फोटोत एकच रेघ होती.

मग तारीख. पुण्यात बऱ्याच रस्त्यांवर पी-१, पी-२ पद्धत आहे. रस्त्याच्या एका बाजूला विषम तारखेला गाड्या लावायच्या, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. ३१ विषम, म्हणजे आज ही बाजू बरोबर. पण गाडी रात्रभर राहणार आहे आणि तारीख रात्री बाराला बदलते. रात्री दहाला बरोबर बाजूला लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला सापडते, ती यामुळेच. ताईंचं नशीब असं की ३१ नंतर १ येते. १ सुद्धा विषम, म्हणून बाजू तीच राहते. हेच ३० तारखेला समोरच्या बाजूला लावलं असतं तर बारानंतर गाडी चुकीच्या बाजूला गेली असती.

आता वेळ, खरी अडचण इथेच आहे. पण घाबरू नका, आकडे स्वतःच बरंच सांगतात. दोन्ही वेळा सकाळच्या धरल्या तर ५ ते ९ आणि ८ ते ११ एकमेकांत घुसतात. दोन्ही रात्रीच्या धरल्या तरी तेच. असं कोणी लिहीत नाही. म्हणजे दोनच अर्थ उरतात. एक, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९. दोन, रात्री ८ ते ११ आणि पहाटे ५ ते सकाळी ९. पहिला अर्थ जास्त पटतो, कारण गर्दीची वेळ तीच आणि दिवसाचा क्रमही तसाच लागतो. पण "पटतो" आणि "नक्की आहे" यात एका दंडाचं अंतर आहे.

अशा वेळी माझा नियम सोपा आहे. दोन्ही अर्थांत जी वेळ मोकळी आहे, तीच आपली. पहिल्या अर्थाने आत्ता सव्वासहाला मनाई. दुसऱ्या अर्थाने आत्ता चालेल, पण आठला गाडी काढावी लागेल. या रात्रीपुरती दोन्हींत मोकळी असलेली वेळ रात्री ११ ते पहाटे ५.

मी ताईंना लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. आधी अजून दोन फोटो मागवले. एक लांबून, ज्यात खांब आणि टेम्पो लावायची जागा दोन्ही दिसतील. पट्टीवर बाण असेल तर तो नेमका कुठल्या बाजूचा, हे जवळच्या फोटोत कळत नाही. दुसरा फोटो त्याच रस्त्यावरच्या पुढच्या खांबाचा. एकाच रस्त्यावर बहुतेक वेळा तीच वेळ लिहिलेली असते आणि सगळ्याच पाट्यांचा रंग उडालेला नसतो.

पुढच्या खांबावर स्वच्छ लिहिलं होतं: "स. ८ ते ११, सायं. ५ ते ९". बाण नव्हता, आणि लांबच्या फोटोत जागेसमोर कुठलं गेट किंवा बसथांबा नव्हता. हे बघावंच लागतं, कारण गेटसमोर, बसथांब्याजवळ, फुटपाथवर किंवा चौकाच्या तोंडाशी पाटी नसली तरी गाडी लावता येत नाही.

मग मी उत्तर लिहिलं: "ताई, आत्ता नको. सामान उतरवा, ड्रायव्हर सीटवरून हलू देऊ नका, आणि टेम्पो पैसे देऊन लावायच्या पार्किंगमध्ये न्या. रात्री ९ नंतर इथे आणा. उद्या सकाळी पावणेआठला काढायचा. हे फक्त आजच्या रात्रीसाठी."

या उत्तरात "हो" हा शब्द नाही, हे बघा. कधीपासून, कधीपर्यंत आणि कुठल्या रात्रीसाठी, एवढंच आहे. ड्रायव्हरला "चालेल" सांगितलं की तो गाडी लावून जेवायला जातो. "पावणेआठला काढ" सांगितलं की तो अलार्म लावतो.

पुढचा खांब सापडला नसता तर मी ११ ते ५ हीच वेळ दिली असती, आणि चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारायला सांगितलं असतं. शेजारच्या दुकानदाराला जरूर विचारा, पण त्याचं "इथे सगळेच लावतात" हे पाटीचं उत्तर नाही. सगळे लावतात आणि सगळ्यांच्या गाड्या उचलत नाहीत, म्हणून ते लावतात. ज्या दिवशी टोइंगची गाडी येते, त्या दिवशी आतला माल तुमचा असतो.

आणि एक, फोटो आजचाच आहे ना, हे विचारा. गणपतीत, मिरवणुकीला, रस्त्याचं काम निघालं की तात्पुरत्या पाट्या लागतात. मागच्या महिन्याचा फोटो आजचं उत्तर देत नाही.

तुमच्या ड्रायव्हरला आज एवढंच शिकवा: खांब वरपासून खालपर्यंत एक फोटो, जागेसह लांबून एक फोटो, आणि सोबत एक ओळ, "कुठली गाडी, किती वेळ". उत्तर द्यायला तुम्हाला दोन मिनिटं लागतील. ताईंचा टेम्पो सकाळी पावणेआठला निघाला, आणि कार्यालयात नाश्ता वेळेवर लागला.