मोटारीतील उष्णता आणि मोबाइल फोनची बॅटरी

उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल फोन बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक तापतो. त्यामुळे फोन तात्पुरता मंदावतो, तर त्यातील लिथियम-आयन बॅटरीची कायमची झीज होते.

== तापमान ==
काचेतून आत आलेले ऊन डॅशबोर्डचा गडद पृष्ठभाग शोषून घेतो आणि बंद मोटारीत ती उष्णता कोंडून राहते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हवेचे तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर असताना तासभर उन्हात राहिलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश आढळले. सावलीतील मोटारींत ते ४८ अंश होते. ॲपल कंपनीने आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश, तर बंद स्थितीत ठेवण्यासाठी कमाल ४५ अंश ही मर्यादा सांगितली आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीतील पाराही अनेकदा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. तेथे सावलीत लावलेली मोटारही फोनसाठी सुरक्षित जागा ठरत नाही.

== फोनवरील परिणाम ==
डॅशबोर्डवर चार्जिंगला लावून नकाशा पाहिला जातो, तेव्हा ऊन, प्रोसेसर आणि चार्जिंग अशा तिन्ही बाजूंनी उष्णता वाढते. वातानुकूलन सुरू असले तरी थेट ऊन फोनवर पडतच असते. अशा वेळी फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग घटवतो, पडद्याचा उजेड कमी करतो आणि चार्जिंग थांबवतो. हा बिघाड नसून संरक्षणाची व्यवस्था आहे. फोन थंड झाल्यावर तो पूर्ववत चालतो.

== बॅटरीची झीज आणि धोका ==
बॅटरीची हानी मात्र भरून येत नाही. ऋणाग्रावर एक पातळ संरक्षक थर असतो. उष्णतेने तो जाड होत जातो व त्यात लिथियम अडकून पडते, म्हणून बॅटरीची क्षमता घटते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीत ही क्रिया अधिक वेगाने होते. आतील द्रवाचे विघटन होऊन वायू साठल्यास बॅटरी फुगते. फोनची मागील बाजू किंवा पडदा उचललेला दिसणे, ही त्याची खूण होय.

केवळ डॅशबोर्डच्या उष्णतेने सुस्थितीतील बॅटरी सहसा पेट घेत नाही. परंतु सदोष, फुगलेल्या किंवा मार लागलेल्या बॅटरीत आतील दोन अग्रांचा थेट संपर्क होऊ शकतो. मग एका रासायनिक क्रियेची उष्णता पुढच्या क्रियेला चालना देत जाते आणि आग लागते.

== खबरदारी ==
तापलेला फोन चार्जिंगवरून काढून, बंद करून सावलीत हळूहळू थंड होऊ द्यावा. तो फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण अचानक थंडाव्याने आत बाष्प साचते. प्रवासात फोन वातानुकूलनाच्या झोतासमोर लावावा. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यात न टाकता सेवा केंद्रात द्यावी.