व्हेक्टर आयकॉन संच

व्हेक्टर आयकॉन संच म्हणजे एकाच शैलीत रेखाटलेल्या आणि एकत्र विक्रीसाठी किंवा मोफत वापरासाठी उपलब्ध केलेल्या लहान संगणकीय चिन्हांचा समूह होय. यातील प्रत्येक चिन्ह ठिपक्यांनी न बनता रेषा, वक्र आणि बिंदूंच्या गणिती वर्णनाने बनते. त्यामुळे आकार कितीही वाढवला तरी त्याच्या कडा फाटत नाहीत. अशा संचांची विक्री ऑनलाइन डिझाइन बाजारपेठांतून होते. ग्राहक एक चिन्ह नव्हे, तर परस्परांशी जुळणारी शेकडो चिन्हे विकत घेतो. म्हणून शैलीतील एकसारखेपणा हा संचाचा मुख्य गुण मानला जातो.

## पार्श्वभूमी : रुपयाचे चिन्ह

प्रचलित संचात नवे चिन्ह बसवताना काय करावे लागते, याचे चांगले उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २००९ साली यासाठी स्पर्धा जाहीर केली. पवई येथील आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करणारे डी. उदय कुमार यांचा आराखडा निवडला गेला व १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. देवनागरी 'र' आणि उभी रेघ नसलेले रोमन 'आर' यांचा मेळ या आकारात आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला U+20B9 हा संकेतांक मिळाला. पुढे हे चिन्ह अनेक संचांत आले : ल्युसाइडमध्ये ते `indian-rupee`, तर गुगलच्या मटेरियल संचात `currency_rupee` या नावाने आढळते. आशय एकच असला तरी प्रत्येक संचात ते त्या संचाच्या नियमांनुसार पुन्हा रेखाटावे लागते.

## शैलीचे नियम

रेखाटन सुरू करण्यापूर्वी संचाचे नियम निश्चित केले जातात. चौकटीचा आकार, कडेला सोडायची मोकळी जागा, रेषेची जाडी, रेषेची टोके गोल की सपाट, कोपऱ्यांची गोलाई आणि दोन रेषांमधील किमान अंतर हे त्यांतील प्रमुख नियम होत. २४ × २४ एककांची चौकट, २ एकके जाडीची रेषा आणि चारही बाजूंना २ एकके मोकळी जागा ही रचना विशेष प्रचलित आहे. या नियमांनुसार रुपयाचे चिन्ह पुढीलप्रमाणे लिहिता येते :

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg"
  viewBox="0 0 24 24" fill="none"
  stroke="currentColor" stroke-width="2"
  stroke-linecap="round"
  stroke-linejoin="round">
  <path d="M6 3h12"/>
  <path d="M6 8h12"/>
  <path d="M6 3h4a5 5 0 0 1 0 10H6"/>
  <path d="M6 13l8 8"/>
</svg>
```

येथे आडव्या रेषांचे मध्य ३, ८ आणि १३ या उंचीवर आहेत. रेषेची जाडी २ असल्याने वरची रेषा २ ते ४ या दोन पूर्ण ओळी व्यापते आणि पडद्यावर स्वच्छ दिसते. जाडी १.५ केल्यास तीच रेषा २.२५ ते ३.७५ एवढी जागा व्यापेल. अपुऱ्या भरलेल्या ओळी फिक्या रंगात उमटतील आणि रेषा धूसर दिसेल. दोन आडव्या रेषांमधील मोकळी जागा दोन्ही ठिकाणी ३ एकके आहे. तिरपी रेषा नेमक्या ४५ अंशांत आहे, म्हणून संचातील इतर ४५ अंशांच्या तिरप्या रेषांशी ती जुळते.

हेच चिन्ह १६ पिक्सेलमध्ये दाखवल्यास रेषेची जाडी सुमारे १.३३ पिक्सेल होते व कडा पुसट होतात. त्यामुळे लहान आकारासाठी काही संच वेगळे रेखाटन देतात. व्हेक्टर चित्र कोणत्याही आकारात वापरता येते हे खरे असले, तरी ते प्रत्येक आकारात सारखेच सुवाच्य राहते असे नाही.

केवळ मोजमाप जुळल्याने चिन्हे समान दिसतातच असे नाही. समान रुंदीचे वर्तुळ आणि चौरस शेजारी ठेवल्यास चौरस मोठा भासतो. म्हणून वर्तुळ किंचित मोठे काढतात. ही तपासणी सर्व चिन्हे एकाच पानावर, वास्तविक आकारात मांडून केली जाते. जे चिन्ह इतरांपेक्षा गडद किंवा जड दिसते, ते दुरुस्त करतात.

## चित्रसंच

चित्रसंचात आकृत्या अधिक तपशीलवार व बहुधा बहुरंगी असतात. उदाहरणार्थ, माहुल–शिवडीच्या खाडीकिनारी हिवाळ्यात येणारा रोहित पक्षी आयकॉनमध्ये वाकडी मान, चोच आणि लांब पाय एवढ्यावर ओळखता येतो. चित्रात मात्र पिसांच्या छटा, चिखल, पाणी आणि मागील तेलशुद्धीकरण कारखान्याची धुरांडीही येतात. येथे एकसारखेपणा रेषेच्या जाडीपेक्षा मर्यादित रंगपट्टी, प्रकाशाची एकच दिशा व तपशिलाचे समान प्रमाण यांवर अवलंबून असतो. रंग सामायिक नमुन्यांत नोंदवल्यास ग्राहकाला एक गुलाबी रंग बदलून सर्व चित्रांत तो बदलता येतो.

## फाइल स्वरूपे

एसव्हीजी हे वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने २००१ साली शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेले खुले स्वरूप असून संकेतस्थळे व अ‍ॅपमध्ये तेच वापरले जाते. ईपीएस हे छपाईच्या क्षेत्रातील जुने स्वरूप आहे; त्यात पारदर्शकता जशीच्या तशी टिकत नाही, म्हणून पारदर्शक छाया असलेली चित्रे त्यात तुकड्यांत विभागली जातात. पीएनजी ठिपक्यांचे स्वरूप असल्याने नमुना दाखवण्यास व तत्काळ वापरास उपयोगी पडते.

रेषा 'रेषा' म्हणून ठेवल्यास ग्राहकाला जाडी बदलता येते. तिचे भरलेल्या आकारात रूपांतर केल्यास ती सर्वत्र सारखी दिसते, पण जाडी सहज बदलत नाही. म्हणून अनेक संच दोन्ही प्रती देतात.

फाइलमधील दोष साध्या तपासणीत उघड होतात. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये केवळ बाह्यरेषा दाखवणारे दृश्य निवडल्यास सुटे बिंदू व एकावर एक पडलेल्या रेषा दिसतात. एसव्हीजीच्या मजकुरात `<image>` आढळल्यास आत ठिपक्यांचे चित्र दडलेले असते, तर `<text>` असल्यास ग्राहकाकडे तो फाँट नसताना अक्षरे बदलतात.

## परवाने व मालकी

बाजारपेठांतील 'रॉयल्टी-फ्री' परवाना म्हणजे मोफत परवाना नव्हे. एकदा पैसे भरल्यावर प्रत्येक वापरासाठी पुन्हा मानधन द्यावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. कप, सदरे यांसारख्या विक्रीच्या वस्तूंवर चित्र हेच मुख्य आकर्षण असल्यास बहुधा विस्तारित परवाना घ्यावा लागतो. मूळ फाइलची जशीच्या तशी पुनर्विक्री दोन्ही परवान्यांत सामान्यतः निषिद्ध असते.

खुल्या परवान्यांच्या अटी वेगळ्या असतात. फेदर हा संच एमआयटी परवान्याखाली, तर फाँट ऑसम फ्रीमधील चिन्हे क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली आहेत. एमआयटी परवाना विक्रीस मनाई करत नाही. परंतु मूळ स्वामित्वसूचना कायम ठेवावी लागते. अशी चिन्हे किंचित बदलून संचात घातल्यास, सर्व रेखाटन स्वतःचे असल्याची जी हमी अनेक बाजारपेठा मागतात, ती खोटी ठरते.

भारतात स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार रेखाचित्र ही कलाकृती असून तिचे संरक्षण सामान्यतः निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मर्यादित मानला जातो. म्हणून साहाय्यक चित्रकाराकडून काम करून घेऊन जागतिक बाजारपेठेत विकणाऱ्याला करारात या दोन्ही बाबी स्पष्ट लिहून घ्याव्या लागतात.