अठ्ठावीस मार्चचं शेअरवाटप

भोसरीच्या एमआयडीसीत दोन शेड, चाळीसेक कामगार, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या सीएनसी मशीन्स. अशी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांसमोर आणा. मालक दोन भाऊ. एकूण शेअर एक लाख, प्रत्येकाची दर्शनी किंमत १० रुपये. बारा वर्षं यांच्याकडून माल घेणारी एक जर्मन कंपनी आता म्हणते, आम्हाला तुमच्यात वीस टक्के भाग द्या, आम्ही पाच कोटी घालतो.

ही कंपनी उदाहरणासाठी रचलेली आहे. पण तिच्या वाटेत जे खड्डे येतात, ते कंपनी सेक्रेटरी म्हणून मी अनेक फाइलींमध्ये पाहिले आहेत. पैसे आणताना फारसं अडत नाही. सुट्या भागांच्या उत्पादनात शंभर टक्के परदेशी गुंतवणूक सरकारी परवानगीशिवाय येऊ शकते. अडतं ते किमतीपाशी आणि पैसे आल्यानंतरच्या कागदांपाशी.

थोरले भाऊ पहिल्याच बैठकीत म्हणतात, "अहो, जुनी माणसं आहेत. त्यांना दीड हजारानं दिले शेअर तर काय बिघडतं? आमचेच शेअर आहेत ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की शेअर तुमचे असले तरी त्यांच्या बदल्यात देशात येणारं परकीय चलन फेमाच्या, म्हणजे १९९९च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कक्षेत येतं. त्याखाली १७ ऑक्टोबर २०१९ला निघालेल्या बिगर-कर्ज साधनांच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीने परदेशी माणसाला नवा शेअर वाजवी मूल्यापेक्षा कमी किमतीत देऊ नये. वाजवी मूल्य हा तळ आहे. त्याच्या वर कितीही घ्या, खाली एक रुपयाही नाही. हाच परदेशी भागधारक उद्या आपले शेअर भारतीयाला विकायला निघाला, तर तेच मूल्य कमाल मर्यादा होतं. येताना स्वस्तात घ्यायचं नाही, जाताना महागात विकायचं नाही, कारण दोन्हीकडे देशाचं चलन कमी येतं किंवा जास्त जातं.

हे मूल्य काढायची पद्धत बदलत आली आहे. एकेकाळी भांडवल नियंत्रकांच्या ठरावीक सूत्रावर किंमत निघे. २०१०मध्ये कंपनीच्या पुढच्या वर्षांतल्या रोख आवकीला आजच्या किमतीत आणण्याची पद्धत, म्हणजे डीसीएफ, सक्तीची झाली. जुलै २०१४पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली कोणतीही पद्धत चालते. दाखला मात्र सीए, सेबीकडे नोंदलेला मर्चंट बँकर किंवा प्रॅक्टिस करणारा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी कुणाचा तरी लागतो. आपल्या भावांच्या कंपनीच्या पुढच्या पाच वर्षांच्या ऑर्डरी, खर्च, मशीनची खरेदी हे सगळं मांडून सीएंनी कंपनीचं मूल्य साडेअठरा कोटी काढलं. एक लाख शेअरांनी भागलं की एका शेअरचे १,८५० रुपये. जर्मन पाहुणे २,००० द्यायला तयार आहेत, म्हणजे दर्शनी किमतीवर १,९९० रुपये अधिमूल्य. पंचवीस हजार शेअर, पाच कोटी, आणि वाटपानंतर सव्वा लाखांतले पंचवीस हजार म्हणजे बरोबर वीस टक्के. थोरल्यांचे दीड हजार मात्र बसत नाहीत.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कंपनी कायदाही बाहेरच्या माणसाला शेअर देताना मूल्यांकन मागतो, आणि ते नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून. फेमाचा दाखला वेगळा, हा वेगळा. योग्य पात्रता असलेली एकच व्यक्ती दोन्ही करू शकते, पण कागद दोन लागतात आणि त्यांतले आकडे एकमेकांशी भांडता कामा नयेत. काही वर्षांपूर्वी तिसरी कात्रीही होती. वाजवी मूल्यापेक्षा जास्त घेतलेल्या किमतीवर कंपनीला आयकर लागे, ज्याला लोक एंजल टॅक्स म्हणत. २०२३मध्ये तो परदेशी गुंतवणूकदारांच्या पैशालाही लावला गेला. एक कायदा म्हणे याच्या खाली नको, दुसरा म्हणे वर नको. २०२४च्या अर्थसंकल्पात ती तरतूद गेली, हे फार बरं झालं.

साध्या शेअरांऐवजी प्रेफरन्स शेअर किंवा डिबेंचर मागणारे गुंतवणूकदारही भेटतात. ते सक्तीने इक्विटीत बदलणारे असतील तरच ही भांडवली गुंतवणूक धरली जाते. ऐच्छिक असतील तर ते कर्ज ठरतं आणि बाह्य व्यावसायिक कर्जाचे नियम लागतात. इक्विटीत बदलण्याचं सूत्र देतानाच ठरवावं लागतं, आणि उद्या कंपनी घसरली तरी बदलाची किंमत आजच्या वाजवी मूल्याच्या खाली जाऊ शकत नाही. "पाच वर्षांनी बारा टक्के परताव्याने आमचे शेअर परत घ्याल ना?" हेही जर्मन वकील विचारतो. परत विकण्याचा हक्क ठेवता येतो, पण किमान एक वर्षानंतर आणि त्या वेळच्या वाजवी मूल्याला. परताव्याची हमी देता येत नाही. करारात ती लिहून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि ती काढायला लावताना झालेला मनस्तापही.

आता पैसे. संचालक मंडळाचा ठराव झाला, भागधारकांच्या सभेत विशेष ठराव झाला, तो एमजीटी-१४ फॉर्मने रजिस्ट्रारकडे गेला, त्यानंतर पास-४ हे ऑफर लेटर जर्मनीला पोचलं. शेअरांच्या पैशांसाठी शेड्यूल्ड बँकेत वेगळं खातं उघडलं. ६ मार्चला रक्कम जमा झाली आणि धाकट्या भावाने मोबाइलवरचा मेसेज दाखवला: ४,९९,६२,४००.

युरो पाठवला त्या दिवशीचा दर आणि बँकेने रुपये केले त्या दिवशीचा दर सारखे नव्हते, त्यात मधल्या बँकेने आपले चार्जेस कापले. ३७,६०० रुपये कमी आले. पाच कोटींत ही रक्कम नगण्य वाटते. पण पंचवीस हजार शेअर दिले तर एका शेअरला १,९९८ रुपये ५० पैसे पडतात, आणि ठराव २,०००चा आहे. इथे किंमत तळापेक्षा बरीच वर होती म्हणून निभावलं असतं. शेअर अगदी १,८५०लाच द्यायचे ठरले असते, तर एवढ्याच फरकाने फेमाचा भंग झाला असता. म्हणून दोनच मार्ग राहतात. एकतर २४,९८१ शेअर देऊन उरलेले चारशे रुपये परत करायचे, नाहीतर उरलेली रक्कम वाटपाआधी मागवायची. जर्मन कंपनीला पूर्ण वीस टक्के हवे होते, त्यामुळे त्यांनी उरलेले पैसे पाठवले. आता पैसे दोनदा आले, म्हणून बँकेचे आवक दाखलेही दोन आणि पाठवणाऱ्या बँकेचे केवायसी अहवालही दोन.

दुसरा धोका याहून वाईट आहे, कारण तो दिसत नाही. गुंतवणूकदारच तुमचा गिऱ्हाईक असेल, तर बारा वर्षं त्याच्याकडून निर्यातीचेच पैसे येत असतात. पैसा आला की बँक विचारते, कशाचा? कंपनीचा अकाउंटंट सवयीने निर्यातीची आगाऊ रक्कम असं लिहून मोकळा होतो. मी पाहिलेल्या एका फाइलीत नेमकं असं झालं होतं. पैसे आले, शेअर दिले गेले, पण बँकेचा दाखला म्हणत होता की ही निर्यातीची आगाऊ रक्कम आहे. बँकेकडून तो परपज कोड दुरुस्त करून घेण्यात जी पत्रापत्री झाली, तिच्यात तीस दिवस कधी संपले ते कळलंसुद्धा नाही. म्हणून पैसे येण्याच्या आधीच बँकेला पत्र द्यावं: अमुक कंपनीकडून, अमुक रक्कम, शेअर भांडवलासाठी. पैसे समूहातल्या दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून येणार असतील, तर पाठवणाऱ्याचं केवायसी आणि हे पैसे अमुकच्या वतीने दिलेत असं संमतीपत्रही हवं.

पैसे पोचल्यापासून साठ दिवसांत शेअर द्यायचेच. ६ मार्चपासून मोजलं तर ५ मे. नाही दिले तर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत करायचे, तेही चुकलं तर कंपनी कायद्याप्रमाणे साठाव्या दिवसापासून बारा टक्के व्याज. भावांनी २८ मार्चला मंडळाची सभा घेतली आणि पंचवीस हजार शेअर दिले. पुढचं सगळं या तारखेपासून मोजायचं.

पहिला फॉर्म पास-३, रजिस्ट्रारकडे, पंधरा दिवसांत, म्हणजे १२ एप्रिलपर्यंत. तो भरेपर्यंत वेगळ्या खात्यातल्या पाच कोटींना हात लावता येत नाही. नव्या मशीनचा आगाऊ हप्ता द्यायची घाई झालेले धाकटे भाऊ इथे चिडतात, पण हा नियम मोडू नये. उशीर झाला तर रोजचा हजार रुपये दंड वेगळाच.

दुसरा फॉर्म एफसी-जीपीआर, रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर, आपल्या बँकेमार्फत, वाटपापासून तीस दिवसांत, म्हणजे २७ एप्रिलपर्यंत. त्याआधी कंपनीची एंटिटी मास्टरमध्ये नोंद आणि फॉर्म भरणाऱ्या माणसाची बिझनेस युजर म्हणून नोंद झालेली हवी. या दोन नोंदी मंजूर व्हायलाच काही दिवस जातात, म्हणून त्या पैसे येण्याआधी केलेल्या बऱ्या. सोबत मंडळाचा ठराव, मूल्यांकनाचा दाखला, बँकेचे आवक दाखले, केवायसी अहवाल, कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणपत्र. फॉर्म परत येतो तो सहसा बारीक कारणांनी: केवायसीत गुंतवणूकदाराचं नाव एका तऱ्हेने आणि ठरावात दुसऱ्या तऱ्हेने, किंवा वाटपाआधीच्या आणि नंतरच्या शेअरांची बेरीज जुळत नाही. पंचवीस हजारांची भर घातल्यावर सव्वा लाख आलेच पाहिजेत, पूर्णांकात.

उशीर झालाच तर विलंब शुल्क आहे: ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षं, आणि बेरीज वरच्या शंभरात न्यायची. पाच कोटींवर सहा महिन्यांचा उशीर म्हणजे ७,५०० अधिक ६,२५०, एकूण १३,७५०, भरायचे १३,८००. ही सोय देय तारखेपासून तीन वर्षांपर्यंतच. त्यानंतर कंपाउंडिंगचा अर्ज, कारणमीमांसा, आदेश. पैशांचा बोजा मोठा नसतो. पण पुढचा गुंतवणूकदार आला की त्याचा वकील सगळ्यात आधी जुन्या एफसी-जीपीआरच्या पोचपावत्या मागतो, आणि त्या नसतील तर सगळा व्यवहार तिथेच थांबतो.

आणि आता २८ मार्च ही तारख पुन्हा पाहा. चारच दिवसांनी आर्थिक वर्ष बदललं. म्हणजे ३१ मार्चच्या ताळेबंदात परदेशी भागधारक आला, आणि त्याच वर्षी १५ जुलैपर्यंत परदेशी देणी-मालमत्तांचं वार्षिक विवरण, एफएलए, रिझर्व्ह बँकेच्या फ्लेअर पोर्टलवर द्यावं लागतं. "आत्ताच तर शेअर दिले, पहिलं विवरण पुढच्या वर्षी," असं बहुतेकांना वाटतं. हिशेब तपासून झाले नसतील तर तात्पुरत्या आकड्यांवर भरता येतं, नंतर सुधारता येतं. आणि जर्मन कंपनी भागधारक आहे तोवर, एक रुपया नवा आला नाही तरी, दर जुलैत ते भरायचं असतं.